इंडक्शन की गॅस: महिन्याच्या खर्चात स्वस्त कोण?

शेगडीवाली:
घरात आम्ही चौघं, दोन्ही वेळचा स्वयंपाक घरीच. महिन्याला साधारण दहा किलो गॅस जातो. नवरा म्हणतोय, सगळंच इंडक्शनवर हलवू, निम्म्यात काम होईल. सासूबाईंचं म्हणणं, विजेचं बिल बघून चक्कर येईल. भांडी कुठली लागतात, वीज गेली तर काय, हे सगळं मला माहीत आहे. फक्त महिन्याच्या खर्चाचं सांगा. दोघांपैकी कुणाचं बरोबर?

निळी ज्योत:
सासूबाईंचं. साधा गुणाकार करा की. इंडक्शनवर लिहिलेलं असतं दोन हजार वॅट. म्हणजे तासाला दोन युनिटं. दोन्ही वेळचे मिळून तीन तास धरले तर दिवसाला सहा, महिन्याला १८०. आताच्या बिलात एवढी युनिटं वाढवून बघा, मग नवऱ्याला विचारा निम्मं कशाचं झालं ते.

हिशोबनीस:
अहो, तीन तास कुणी फुल्लवर ठेवतं का? दोन हजार वॅट ही वरची मर्यादा आहे. पाणी उकळेपर्यंत ती लागते, पुढे चारशे-पाचशेवर काम भागतं. आणि मुद्दा कार्यक्षमतेचा आहे. अमेरिकेच्या एनर्जी स्टारच्या माहितीत इंडक्शन ८५ टक्के आणि गॅसच्या जवळजवळ तिप्पट कार्यक्षम असं दिलंय. म्हणजे गॅसची दोन तृतीयांश उष्णता भांड्याच्या बाजूने वर निघून जाते. तिप्पट कार्यक्षम म्हणजे एक तृतीयांश खर्च. नवरोजी तर कमीच सांगताहेत.

निळी ज्योत:
मग भारतीय मानकात, आयएस ४२४६ मध्ये, घरगुती शेगडीला किमान ६८ टक्के कार्यक्षमता सक्तीची कशी? ६८ आणि ८५ यांत तिप्पट कुठे दिसते तुम्हाला?

एकटा जीव:
मी एकटाच राहतो, सिंगल इंडक्शन वापरतो, मस्त चाललंय. बिलात फरक जाणवलाही नाही. ताई, बिनधास्त घ्या. फक्त सपाट बुडाची भांडी घ्या आणि लोहचुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा.

शेगडीवाली:
दादा, भांड्यांचं नको म्हटलं होतं मी 🙂 आणि तुमचा एकट्याचा स्वयंपाक आमच्या एका वेळच्या नाश्त्याएवढा असेल.

मीटरमास्तर:
मानकातले ६८ टक्के आणि एनर्जी स्टारच्या तिप्पटीमागचे गॅसचे ३२ टक्के, हे दोन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत. मानकाच्या चाचणीत बर्नरला साजेसं ठरावीक मापाचं भांडं असतं, झाकण असतं, पाणी मोजून घेतलेलं असतं. आपल्या ओट्यावर छोटं पातेलं मोठ्या बर्नरवर चढतं, ज्योत बुडाबाहेर येऊन कडांना चाटत असते आणि झाकण बाजूला पडलेलं असतं. त्यामुळे घरातला आकडा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी येतो. मी पन्नास धरतो.

आता एक किलो एलपीजी जाळला की साधारण पावणेतेरा युनिटांएवढी उष्णता निघते. त्यातली निम्मी भांड्यात गेली, म्हणजे सव्वासहाच्या जरा वर युनिटं. तेवढीच उष्णता इंडक्शनने द्यायची तर ८५ टक्क्यांच्या हिशोबाने मीटरवर साडेसात युनिटं पडतात. लक्षात ठेवायचा आकडा एवढाच: एक किलो गॅस बरोबर साडेसात युनिटं. शेगडी मानकाएवढी उत्तम वापरली तर हा आकडा दहापर्यंत चढतो, अगदी गलथान वापरली तर पाचाच्या खाली येतो. तुम्हा दोघांचं भांडण या पाच आणि दहाच्या मधेच चाललंय.

ताई, किलोचा दर घ्या आणि साडेसातने भागा. येईल त्याच्यापेक्षा तुमचं युनिट स्वस्त असेल तर इंडक्शन परवडतं, महाग असेल तर गॅस. तुमच्या दहा किलोंची ७५ युनिटं होतात, १८० नाही.

हिशोबनीस:
म्हणजे मीच बरोबर ना? इंडक्शनला ऊर्जा कमीच लागते.

मीटरमास्तर:
ऊर्जा कमी लागते, हे बरोबर. पण बिल ऊर्जेचं येत नाही, दराचं येतं. विजेतली एक युनिट उष्णता आणि गॅसमधली एक युनिट उष्णता यांचे भाव फार कमी ठिकाणी सारखे असतात. वीज दुपटीने महाग असली की सगळी कार्यक्षमता तिथेच खाल्ली जाते.

पाईपवाले काका:
आमच्याकडे सिलिंडर नाही, पाईपचा गॅस आहे. मीटर घनमीटरमध्ये चालतं. आम्ही साडेसातने भागायचं का?

मीटरमास्तर:
नाही काका. एका घनमीटरात दहा युनिटांच्या आसपास उष्णता असते, म्हणून तुमचा भागाकार सहाने. बाकी रीत तीच.

निळी ज्योत:
ठीक, ७५ तर ७५. पण इंडक्शन मंद आचेवर सारखं चालू-बंद होतं ते? टक्-टक् ऐकू येतं, उकळी येते आणि थांबते. दर वेळी चालू होताना वीज जास्त ओढणारच. तो खर्च तुमच्या साडेसातात आहे का?

मीटरमास्तर:
बऱ्याच स्वस्त शेगड्यांना खरंच चारशे वॅट सलग देता येत नाहीत. त्या हजार वॅट काही सेकंद देतात आणि काही सेकंद शून्य. प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर असेल तर आकडा हजारावर उडी मारून खाली पडताना दिसेल. पण त्याने युनिटं वाढत नाहीत, सरासरी तेवढीच राहते. खर्च वाढतो तो दुसऱ्या वाटेने. हजाराच्या झटक्याने तळ लागतो, म्हणून माणूस पाणी वाढवतो, मग ते आटवायला आच वाढवतो. आणि पाणी आटवण्याइतकी महागडी गोष्ट स्वयंपाकघरात दुसरी नाही. लिटरभर पाणी गार असल्यापासून उकळीपर्यंत न्यायला लागते त्याच्या सातपट उष्णता ते सगळं वाफ करून उडवायला लागते. गॅसवरही तेच, फक्त तिथे मीटर डोळ्यांसमोर नसतं.

निळी ज्योत:
सेकंदाला सुरू-बंद होणाऱ्या वस्तूने वीज जास्त खात नाही, हे मला पटलेलं नाही. बघू.

शेगडीवाली:
मास्तर, भागाकार केला. आमचं एक अडतंय. आमच्या विजेला टप्पे आहेत. पहिली १०० युनिटं स्वस्त, पुढची दुपटीहून महाग. आत्ता ८० जातात. मग साडेसातने भागून आलेला आकडा कुठल्या दराशी ताडायचा?

मीटरमास्तर:
वा, खरा प्रश्न हाच. बिलाची रक्कम भागिले युनिटं असा सरासरी दर काढू नका. ही ७५ युनिटं ८० च्या वर जाऊन बसणार आहेत, तेव्हा त्यांचाच दर बघायचा. त्यांतली वीस स्वस्त टप्प्यात मावतील आणि पंचावन्न महागात पडतील.

आकडे कल्पून सांगतो, तुमचे घालून बघा. गॅस किलोला ९० ला पडतो समजा. साडेसातने भागलं की १२ येतात. स्वस्त युनिट ६ ला, महाग १४ ला. आता सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेलात तर वीस गुणिले सहा म्हणजे १२०, पंचावन्न गुणिले चौदा म्हणजे ७७०, एकूण ८९०. गॅसचे जात होते ९००. एवढा खटाटोप करून उरले दहा.

आता अर्धवटच हलवा. स्वस्त टप्प्यातली वीस युनिटंच इंडक्शनला द्या. तेवढ्यात पावणेतीन किलोंना जरा कमी गॅस वाचतो, म्हणजे २४०. विजेला गेले १२०. उरले १२०. सगळं हलवण्यापेक्षा चौथा हिस्सा हलवण्यात बारापट फायदा.

हिशोबनीस:
पण मग गॅसचं कनेक्शन ठेवावंच लागणार. त्याचा स्थिर आकार?

मीटरमास्तर:
सिलिंडरला दरमहा स्थिर आकार नसेल तर प्रश्नच नाही. पाईपच्या गॅसला असतो तिथे हिशोब उलटू शकतो. गॅस पूर्ण बंद केला तरच तो वाचतो, आणि कधीकधी तेवढ्या एका रकमेपायी सगळं इंडक्शनवर नेणं परवडतं. तसंच उलट बाजूने मंजूर भाराचं बघा. दोन-दोन शेगड्या एकदम चालवल्यात आणि भार वाढवून घ्यावा लागला, तर विजेचा स्थिर आकार दर महिन्याला वाढीव येत राहील.

रात्रपाळी:
आमच्याकडे वेळेनुसार दर आहे. संध्याकाळी सहा ते दहा वीज सर्वांत महाग. स्वयंपाक नेमका तेव्हाच. सकाळचा इंडक्शनवर आणि रात्रीचा गॅसवर, असं वाटून घेतलंय आम्ही. टप्प्यांचा नियम आम्हाला लागू नाही, घड्याळाचा आहे.

निळी ज्योत:
सगळं ठीक, पण हा साडेसात आला पन्नास टक्क्यांवरून, आणि पन्नास तुम्ही 'धरलेत'. ताईंच्या घरी साठ असले तर?

मीटरमास्तर:
तर नऊ येतील आणि विजेला जागा कमी उरेल. धरण्याचं सोडायचं तर मोजा. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, आठवड्याने पुन्हा ठेवा. एका भांड्यापुरतं मोजू नका. दोन लिटर पाणी उकळायला जेमतेम सत्तावीस ग्रॅम गॅस जातो, साध्या काट्याला तो दिसणारही नाही. पुढच्या आठवड्यात शक्य तेवढा तसाच स्वयंपाक इंडक्शनवर, प्लगच्या मीटरवर. युनिटं भागिले किलो. तुमचा स्वतःचा आकडा हातात आला, मग माझा सोडून द्या.

एक खबरदारी: ते मीटर दोन हजार वॅट पेलणारं हवं. हलकं लावलंत तर पिन गरम होऊन प्लास्टिकचा वास येतो. वास आला की मोजमाप थांबवायचं.

उन्हाळा:
तुम्ही स्वयंपाकघरातली उष्णता विसरलात. दहा किलो गॅस जाळला म्हणजे सव्वाशेच्या वर युनिटांची उष्णता खोलीत, इंडक्शनने पंचाहत्तरच. ज्यांचा एसी स्वयंपाकघरापर्यंत पोचतो त्यांना हा फरक बिलात भरावा लागतो.

निळी ज्योत:
आणि थंडीत तीच उष्णता फुकटची ऊब. तेव्हा वजा करणार का?

उन्हाळा:
खिडकी आणि चिमणी असेल तर दोन्हीकडे निम्मंही हिशोबात येणार नाही.

शेगडीवाली:
घरात दाखवलं. नवरा म्हणतो, वीस युनिटांत नेमकं काय काय बसतं ते सांगा. सासूबाई म्हणतात, चहा इंडक्शनवर करा, भाजणं-फोडणीला हात लावायचा नाही.

मीटरमास्तर:
सासूबाईंची वाटणी चांगली आहे. पाणी उकळणं, कुकर, दूध तापवणं ही कामं पहिल्यांदा हलवा, तिथे भांडं सपाट असतं आणि झाकण असतं. दोन लिटर पाण्याला ०.२ युनिट, यावरून वीस युनिटांत महिन्याला दोनशे लिटर बसतात. कुकर किती शिट्ट्यांचा आणि चहा किती वेळा, ते तुम्ही मोजा. आणि बिलाची तारीख बघून ठेवा. उन्हाळ्यात पंखे-कूलर लागले की ८० चे १०० तसेच होतात, मग त्या महिन्यात वीसही उरत नाहीत.