'मूळ प्रमाणपत्र' की 'उगम प्रमाणपत्र'?

ओवी: आयातदारांसाठीच्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. 'सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन'ला आधीच्या मसुद्यात 'मूळ प्रमाणपत्र' म्हटलंय. 'सवलतीच्या शुल्कासाठी मूळ प्रमाणपत्र सादर करावे' हे वाचून कुणालाही वाटेल की झेरॉक्स चालणार नाही, एवढंच सांगताहेत. 'उगम' लिहू का? की नदी आठवते?

रानवाट: तहसीलमधून अधिवासाचा दाखला मिळतो, तोच ना? मग 'रहिवासी दाखला' लिहा.

बंदरकाका: अहो, हा दाखला माणसाचा नाही, मालाचा. मी न्हावा शेवाला क्लिअरिंगचं काम करतो, आम्ही सरळ 'सीओओ' म्हणतो. शब्द कुठलाही घ्या, पण 'माल जिथून आला तो देश' असा अर्थ त्यातून निघू देऊ नका. इंडोनेशियाची सुपारी श्रीलंकेत उतरवली, कातरली, नव्या पोत्यांत भरून इकडे पाठवली, तरी ती श्रीलंकेची होत नाही. झाड जिथे वाढलं तोच तिचा देश. सुपारीवर मूळ शुल्कच 100%, म्हणून असा कागद रंगवायचा मोह होतो आणि फटका आमच्या कोकणातल्या बागायतदाराला बसतो.

द्राक्षबाग: आमच्या कंटेनरसोबत फायटो जातो, तो हाच का?

बंदरकाका: नाही. तो किडीरोगाचा. देश कुठला, हे त्यावर ठरत नाही.

हिशेबी: मग 'उत्पत्ती' म्हणा. पण कारखान्याच्या मालाचं काय? तिथे 35% मूल्य त्या देशात घातलं की माल त्यांचा.

बंदरकाका: अर्धं बरोबर. आसियान कराराच्या सर्वसाधारण नियमात दोन अटी लागतात: 35% मूल्य तिथलं हवं आणि बाहेरून आणलेल्या भागांपेक्षा तयार मालाचा सहा अंकी शुल्क-वर्गीकरण क्रमांक वेगळा हवा. समजा, थायलंडचा पंप. एफओबी, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतची किंमत 1,000 डॉलर, त्यात चिनी मोटर आणि इतर चिनी भाग मिळून 600. उरले 400, म्हणजे 40%. पहिली अट पार. मोटरचा क्रमांक 8501 ने सुरू होतो, पंपाचा 8413 ने. सहा अंकी वर्गीकरणही बदललं. पण तयार चिनी पंपच आणला, रंगवला, पेटीत घातला, तर अंक तेच राहतात. मग किंमत कितीही फुगवा, सवलत नाही.

ओवी: म्हणजे प्रमाणपत्र असूनही सवलत नाकारतात?

बंदरकाका: हो तर! माझ्या एका पक्षकाराकडे शिक्क्यासकट कागद होता. अधिकाऱ्याने विचारलं, बाहेरचे भाग कुठले, किती किमतीचे? पुरवठादार खर्चाचा तपशील द्यायला तयार नाही, आणि पक्षकाराने ऑर्डर देण्याआधी तो मागितलाच नव्हता. 2020 पासून सीमाशुल्क कायद्याच्या कलम 28डीए नुसार ही माहिती आयातदाराकडेच हवी. पूर्ण शुल्क भरून माल सोडवावा लागला. आता कुणी नवा पुरवठादार धरला की मी आधी तो तपशील मागवायला लावतो.

हिशेबी: आणि 2025 मध्ये नियमांतच 'सर्टिफिकेट'च्या जागी 'प्रूफ' आलं, कारण काही करारांत निर्यातदाराची स्वघोषणाही चालते. मग 'प्रमाणपत्र'सुद्धा अपुरं पडतं.

ओवी: बरं, 'उगमाचा पुरावा' घेते. सुपारीलाही लागू, पंपालाही. पण 'ओरिजिनेटिंग गुड्स'ला काय म्हणू? 'उगमपात्र माल' जिभेवर बसत नाहीये.

बंदरकाका: आम्ही 'ओरिजिनचा माल' म्हणतो. पुस्तिकेत शोभेल का, ते तुम्ही बघा.