मदत हवी आहे: सोडियम इथॉक्साइड तक्त्यात कुठे घालू?

फोंड्याला बारावीच्या मुलांची केमिस्ट्रीची शिकवणी घेते. हॅलोअल्केनच्या रिअ‍ॅक्शन्सचा तक्ता करतेय, ए-फोरच्या एका बाजूला सबस्टिट्यूशन, दुसऱ्या बाजूला एलिमिनेशन. प्रत्येक ओळीत रिएजंट, कंडिशन आणि प्रॉडक्ट.

KOH नीट बसला. जलीय KOH ने 2-ब्रोमोब्युटेनपासून ब्युटान-2-ऑल, अल्कोहोलमधल्या KOH बरोबर तापवलं की मुख्यतः ब्युट-2-ईन. कंडिशन बदलली की पान बदलतं, मुलांना पटलं.

घोळ सोडियम इथॉक्साइडचा. मी तो फक्त सबस्टिट्यूशनच्या पानावर, ईथरच्या ओळीत लिहिला होता. ब्रोमोइथेनला ते चालतं. पण चाचणीत 2-ब्रोमो-2-मेथिलप्रोपेन दिलं, तर निम्म्या वर्गाने बिनधास्त ईथर लिहिलं. तिथे जवळजवळ सगळं 2-मेथिलप्रोपीनच होतं. चूक त्यांची कशी म्हणू, तक्त्यात तेच होतं!

मग तोच रिएजंट दोन्ही पानांवर टाकून पाहिला. आता मुलं विचारतात, ‘टीचर, नेमकं कुठलं पान बघायचं?’ कंडिशनच्या रकान्यात फरक दाखवायला काही नाही, दोन्हीकडे इथेनॉल आणि उष्णता. फरक हॅलाइड प्रायमरी की टर्शरी यातच आहे.

मेकॅनिझम वेगळं शिकवलंय, तक्त्यात त्याला जागा नाही. तिसरं पानही नकोय.

प्रत्येक ओळीत प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी असे तीन उपरकाने करावेत का? आणि 2-ब्रोमोप्रोपेनसारख्या सेकंडरीला, जिथे प्रोपीन जास्त पण थोडं ईथरही मिळतं, तिथे तुम्ही दोन्ही प्रॉडक्ट लिहिता की फक्त मुख्य?