प्रतिसाद: यूट्यूब व्हिडिओतल्या गाण्यावर क्लेम आलाय

"क्लेम आला म्हणजे स्ट्राइकच की, व्हिडिओ डिलीट करून टाकावा का?"

नका करू डिलीट. यूट्यूब आपोआप गाणं ओळखून टाकतं त्या नुसत्या कंटेंट आयडी क्लेमनं स्ट्राइक बसत नाही, बहुतेक वेळा त्या व्हिडिओच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडं जातात, कधीकधी व्हिडिओ ब्लॉक होतो. माझ्या हाळीच्या बैलबाजाराच्या व्हिडिओत मागं टपरीवर गाणं वाजत होतं, 40 सेकंद, तेवढ्यावर क्लेम आला. यूट्यूब स्टुडिओत जाऊन Mute song केलं, प्रोसेसिंगला लै वेळ लागला पण क्लेम गेला अन् व्ह्यूज हायेत तसेच राहिले, फक्त भाव करणाऱ्या व्यापाऱ्याचा आवाज मधीच दबला (तीच तर मजा होती). हक्क नसताना Dispute मात्र दाबू नका, समोरच्याला उत्तराला 30 दिवस असतात अन् त्यानं व्हिडिओ काढायचीच मागणी केली तर मग खरा स्ट्राइक बसतो.