मदत हवी आहे : निवृत्त लष्करी अधिकारी, डॉक्टर आणि कीर्तनकार असलेल्या पाहुण्यांचे नाव पत्रावर कसे लिहावे?

कोरेगावकर : आमच्या शाळेच्या कार्यक्रमाला येण्याची विनंती करणारे पत्र एका ज्येष्ठ गृहस्थांना पाठवायचे आहे. ते लष्करातील निवृत्त कर्नल आहेत, डॉक्टर आहेत आणि कीर्तनही करतात. समितीने 'मा. श्री. ह.भ.प. डॉ. कर्नल (निवृत्त)' आणि त्यापुढे नाव असा मसुदा केला आहे, तो मला पटत नाही. पत्र उद्या सकाळी साताऱ्याला हस्ते जायचे असल्याने कृपया लवकर सांगावे.

कृष्णाकाठ : डॉक्टर म्हणजे वैद्यकीय की पीएच.डी.? हुद्दा कर्नल की लेफ्टनंट कर्नल? बोलण्यात दोघांनाही 'कर्नलसाहेब' म्हणतात, पण पाकिटावर तो फरक दिसला पाहिजे. आणि त्यांना कीर्तनासाठी बोलावत आहात की ध्वजवंदनासाठी, हे कळल्याशिवाय क्रम सांगता येणार नाही.

मिरजेचा वाचक : राज्यघटनेच्या कलम 18 ने सर्व पदव्या रद्द केल्या आहेत. तेव्हा केवळ 'श्री.' लिहावे, तेच कायदेशीर आहे.

अपशिंगेकर : कलम 18 मधील बंदीतून लष्करी आणि शैक्षणिक सन्मान स्पष्टपणे वगळलेले आहेत, त्यामुळे 'कर्नल' आणि 'डॉ.' या दोन्हींना तेथे कोणतीही अडचण नाही. आपल्या मनात बहुधा पद्म पुरस्कारांचा निकाल असावा. नावाच्या आधी किंवा नंतर 'पद्मश्री' लावू नये असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले, परंतु तो विषय वेगळा आहे.

मूळ प्रश्नाबद्दल सांगायचे तर लष्करात असे मानतात की हुद्दा निवृत्त होत नाही, अधिकारी निवृत्त होतो. म्हणून 'निवृत्त' हा शब्द हुद्द्याला चिकटवत नाहीत, तो नावाच्या शेवटी येतो. वर्तमानपत्रांत 'कर्नल (निवृत्त) अमुक' असे सर्रास छापले जाते, तरी 'कर्नल अमुक (निवृत्त)' हेच योग्य आहे. विशिष्ट सेवा पदकासारखे पदक मिळालेले असेल, तर ते नाव आणि 'निवृत्त' यांच्या मध्ये लिहावे.

कोरेगावकर : क्षमस्व, पुरेशी माहिती दिली नव्हती. ते लेफ्टनंट कर्नल होते आणि त्यांची पीएच.डी. संतवाङ्मयातील आहे. सकाळी त्यांच्या हस्ते ध्वजवंदन आहे, आणि संध्याकाळी गावच्या मंदिरात त्यांचे कीर्तन आहे. मंदिराचे पत्र मात्र वारकरी मंडळी स्वतंत्रपणे देणार आहेत.

मिरजेचा वाचक : आमच्याकडे चर्चच्या पाळकांना पत्र देताना 'रेव्हरंड' आणि पुढे नुसते आडनाव लिहिले गेले होते. त्यावर तेथील एका ज्येष्ठांनी सांगितले की रेव्हरंडपुढे पूर्ण नाव लागते. तेव्हा आपणही पूर्ण नाव लिहावे.

कृष्णाकाठ : पत्रे दोन असतील तर बरेच सोपे झाले. शाळेच्या पाकिटावर असे लिहावे :

प्रति,
लेफ्टनंट कर्नल डॉ. (पूर्ण नाव) (निवृत्त)

हुद्दा आधी आणि 'डॉ.' नंतर. 'डॉ.' लिहिल्यावर नावापुढे पुन्हा 'पीएच.डी.' नको, कारण ती एकच पदवी दोनदा सांगितल्यासारखी होते. 'श्री.' तर पूर्णपणे काढावे, कारण हुद्दा किंवा 'डॉ.' आला की त्याची जागा भरलेली असते. आतील मायन्यात एवढे सगळे लागत नाही. 'आदरणीय कर्नलसाहेब, सादर प्रणाम' पुरेसे आहे, आणि तेथे 'लेफ्टनंट' गाळले तरी चालते.

वाईचे जोशीकाका : 'मा.' ठेवायला काय हरकत आहे? सरकारी पत्रव्यवहारात आयुष्य गेले, 'मा.' नसलेले पत्र मला उद्धट वाटते.

कृष्णाकाठ : काका, हरकत नाही, पण 'मा.' ठेवल्यास मायन्यात पुन्हा 'माननीय' नको.

अपशिंगेकर : मंदिराच्या पत्रावर 'ह.भ.प. डॉ.' एवढेच लिहून हुद्दा सोडून द्यावा असे माझे मत आहे. कीर्तनाच्या गादीवर ते अधिकारी म्हणून उभे राहत नाहीत.

वाईचे जोशीकाका : मी सहमत नाही. ज्या गावातील घराघरातून माणसे फौजेत गेली, तेथे हुद्दा गाळणे लोकांना रुचणार नाही. 'ह.भ.प.' आधी घ्यावे आणि त्यामागून हुद्दाही लिहावा. वारकरी मंडळी 'महाराज' म्हणत असतील, तर मायन्यात तेच यावे आणि पुढे 'साष्टांग नमस्कार'.

अपशिंगेकर : यावर आपले एकमत होईल असे वाटत नाही. कोरेगावकर, त्यांनी पाठवलेले एखादे जुने पत्र किंवा त्यांची कीर्तनाची पत्रिका पाहावी. मनुष्य स्वतःचे नाव जसे लिहितो, ते आपल्या कोणत्याही नियमापेक्षा वरचढ समजावे.

कोरेगावकर : त्यांच्या एका जुन्या पत्रावर सहीखाली हुद्दा आणि 'निवृत्त' आहे, 'डॉ.' मात्र कोठेही नाही. पाकिटावर आता 'डॉ.' ठेवावे की वगळावे?

कृष्णाकाठ : सही करताना पुष्कळ लोक स्वतःला 'डॉ.' लावत नाहीत, त्यामुळे त्यावरून त्यांना तो नको आहे असे ठरत नाही. मी ठेवला असता. तरीही त्यांच्या घरी दूरध्वनी करून विचारलेत तर सकाळपूर्वी निर्णय होईल.