नाडी, वलय की कडं? आणि ‘पेशीपटल’ नेमकं कशाला म्हणायचं?

मृण्मयी: अकरावीच्या पूरक पुस्तिकेत पेशीविभाजनाच्या धड्यात, प्राणीपेशीला मधोमध आवळून तिच्या दोन पेशी करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टाइल रिंगला मी ‘नाडी’ लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘संकोची वलय’ केलं. परकराची नाडीही आवळतेच ना? मग बिघडलं कुठे?

सखाराम: चुण्यांत बिघडलं. नाडी ओढली की कापड गोळा होऊन जाड होतं. अर्बेशिया या सी-अर्चिनच्या अंड्याचा व्यास साधारण 75 मायक्रॉन आणि वलयाची जाडी फक्त 0.2 मायक्रॉनच्या आसपास. घेर निम्म्यावर आला तरी जाडी फारशी वाढत नाही, म्हणजे जवळजवळ निम्मं साहित्य वाटेतच सुटलेलं असतं. शिवाय नाडीला ओढणारा हात बाहेर असतो. इथे अ‍ॅक्टिनचे धागे ओढणारं मायोसिन वलयातच आहे.

बापू: मग ‘कडं’ म्हणा. आपला शब्द आहे. वलय, संकोची... कुणी बोलतं का असं?

सखाराम: कडं आवळत नाही, बापू.

गोविंदराव: वनस्पतीत भिंत कडक, म्हणून वलय नाही. तिथे बाहेरून आत पडदा सरकतो. त्याला शाळेच्या पुस्तकात ‘पेशीपटल’ म्हणतात.

सखाराम: भिंतीचं बरोबर, दिशा उलटी. गॉल्जीकडून आलेल्या पुटिका म्हणजे बारीक पिशव्या मध्यभागी जुळतात, त्यांचा नव्या भिंतीचा पट्ट बनतो आणि तो कडेकडे वाढत जाऊन जुन्या भिंतीला भिडतो. सरसकट नियम मात्र करू नका. स्पायरोगायरा या शेवाळात कडेने खाच आत येते आणि मधे पट्टही बनतो.

मृण्मयी: ‘पेशीपटल’ मी टाळलंच. तोच शब्द पेशीच्या बाहेरच्या आवरणालाही वापरतात. मुलं ‘पेशीपटल मधोमध तयार होतं’ वाचून गोंधळतात.

शर्वरी: कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर ॲसिटो-ऑर्सिनने मला पट्ट दिसतच नाही. शब्द चुकला की रंग?

सखाराम: रंग. ऑर्सिन गुणसूत्रांना धरतो. कोवळ्या पट्टात कॅलोज नावाचं शर्करेच्या साखळ्यांचं द्रव्य असतं. त्याला ॲनिलिन ब्लू लावून अतिनील प्रकाशात पाहा. आणि मुळं 0.1 टक्के कॅफिनमध्ये तासभर ठेवली तर कॅलोज नीट साचत नाही. पट्ट बनू लागतो, पण टिकत नाही, विरून जातो आणि एका पेशीत दोन केंद्रकं उरतात.

गोविंदराव: मग सायटोकॅलासिननेही तेच होईल.

सखाराम: प्राणीपेशीत होतं, कारण ते अ‍ॅक्टिनवर घाला घालतं. खाच मागे फिरते आणि दोन केंद्रकांची पेशी उरते. शेवट सारखा दिसला तरी प्राणीपेशीत आवळणं थांबलं, कांद्याच्या पेशीत बांधकाम पडलं.

मृण्मयी: हे ‘बांधकाम’ चांगलं आहे! ‘पेशीपट्ट’ ठेवते. वलयाचं काय करू?

बापू: ‘आवळकडं’.

शर्वरी: ॲनिलिन ब्लूचं द्रावण किती टक्के घ्यायचं?