मदत हवी आहे: झुकलेला गुलमोहर, वठलेली फांदी, बुंध्याला बुरशी. फोटोंवरून धोका किती ते सांगाल का?

निरुपमा_ज

घरामागे जुना गुलमोहर आहे, साधारण १२ मीटर उंच. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर १९० सेंमी भरला. झाड गाडीच्या शेडकडे झुकलंय आणि शेड बुंध्यापासून ६ मीटरवर आहे. चार फोटो टाकते आहे.

फोटो १: पूर्ण झाड, झुकाव दिसतोय.
फोटो २: मागच्या बाजूची एक जाड फांदी पूर्ण वठलेली, साल सुटलेली.
फोटो ३: दोन मीटर उंचीवर जुनी फांदी तुटल्याच्या जागी ढोली. मूठ सहज आत जाते.
फोटो ४: जमिनीलगत, शेडच्या विरुद्ध बाजूला, तांबूस-तपकिरी बुरशीचे दोन कडक पंखे. वरून वार्निश लावल्यासारखे चकचकीत, कडा पांढरी.

बाकी झाड हिरवंगार आहे, यंदा फुललंही भरपूर. मला भीती ढोलीची आणि झुकावाची वाटते. घरच्यांचं म्हणणं, वठलेली फांदी तोडली की झालं.

अण्णा_बागवाले

ढोली साफ करून सिमेंट भरा, वरून बोर्डो पेस्ट लावा. बुरशीचे पंखे खरवडून काढा आणि तिथेही पेस्ट लावा. झाड वाचेल.

वल्कल

अण्णा, सिमेंट नको. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही. मधल्या फटीत पाणी साचतं आणि कूज आणखी वाढते. पंखेही खरवडू नका. ते त्या बुरशीचं फळ आहे, खरी बुरशी लाकडाच्या आत असते. पंखा काढल्याने आतलं काहीच थांबत नाही, फक्त तपासायला येणाऱ्या माणसाची खूण पुसली जाते.

निरुपमाताई, तुमच्या चार फोटोंत मला सर्वात जास्त काळजी चौथ्याची वाटते. वर्णनावरून हे गॅनोडर्मा दिसतंय. गुलमोहरावर ते नेहमी आढळतं. ते मुळं आणि बुंध्याचा तळ कुजवतं, म्हणजे झाडाला जमिनीत धरून ठेवणारा भागच. पांढरी कडा म्हणजे पंखा अजून वाढतो आहे.

झाड हिरवं आहे यावर जाऊ नका. पानांना पाणी सालीखालचं बाहेरचं लाकूड पुरवतं. आतला गाभा आणि जाड मुळांची खालची बाजू कुजली तरी पालवी, फुलं बराच काळ नेहमीसारखी राहू शकतात. अशी झाडं भर पालवीत मुळासकट कोसळतात.

सुहास_मोजपट्टी

मी वाचलंय की पोकळ झाडाच्या भिंतीची जाडी त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल तर झाड सुरक्षित. घेर १९० म्हणजे व्यास ६० सेंमी, त्रिज्या ३०. तेव्हा ९ सेंमी भिंत पुरे. ढोलीत तार घालून मोजा. तेवढी भरली तर निश्चिंत राहा.

वल्कल

सुहास, गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. तो आडाखा बंद नळीसारख्या पोकळीसाठी आहे. ढोलीचं तोंड उघडं असेल किंवा भिंत एका बाजूला पातळ असेल, तर तो लागू पडत नाही. शिवाय तो खोडाच्या मोडण्याबद्दल बोलतो. इथे प्रश्न झाड मुळातून उपटण्याचा आहे, त्याबद्दल तो गप्प आहे. ढोलीपाशी १२ सेंमी भिंत मिळाली तरी तळाशी काय चाललंय ते कळणार नाही.

आता झुकाव. फोटो १ मोबाईल वर करून, झाड चौकटीच्या कडेला ठेवून काढलाय, त्यामुळे झुकाव जास्त भासतो. लांब जा, खोड चौकटीच्या मध्यावर घ्या, मोबाईल सरळ धरा, आणि दोरीला दगड बांधून ओळंबा फोटोत येऊ द्या. मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने तसाच आणखी एक. खोड खाली तिरकं आणि वर जाऊन पुन्हा सरळ झालेलं असेल तर झुकाव जुना आहे, झाडाने स्वतःला सावरलंय. तळापासून शेंड्यापर्यंत एकाच रेषेत तिरकं असेल तर जमीन बघा. शेडच्या विरुद्ध बाजूची माती उचलली गेलीय का, अर्धगोल भेगा आहेत का? ताजी हालचाल तिथे दिसते.

आणि पंखे नेमके त्याच बाजूला आहेत हे विसरू नका. शेडकडे झुकलेल्या झाडाला मागे ओढून धरणारी मुळं त्याच बाजूची.

कोकणी_मेवा

आमचा नारळही असाच वाकडा आहे, फोटो टाकू का? वीस वर्षं तसाच उभा आहे. वाकडं झाड पडतं असं काही नसतं.

वल्कल

टाका, पण वेगळ्या धाग्यात. नारळाची खोडाची आणि मुळांची घडणच वेगळी, गुलमोहराचं त्यावरून काही ठरत नाही. वाकडं म्हणून पडतंच असं नाही, हे मात्र खरं.

निरुपमा_ज

वल्कलदादा, ओळंबा लावून फोटो काढले (५ आणि ६). खोड तिरकं आहे, पण तीन मीटरच्या वर सरळ होत गेलंय. मातीत भेगा नाहीत. ढोलीत तार घातली: शेडच्या बाजूला भिंत १२ सेंमी, मागच्या बाजूला जेमतेम ५. लाकडी हातोडीने बुंधा ठोकून पाहिला. सगळीकडे टणक आवाज येतो, पंख्यांच्या आसपास मात्र बद्द. मग सायकलची स्पोक पंख्याशेजारी दोन मुळांच्या बेचक्यात खाली तिरकी दाबली. जवळजवळ पूर्ण आत गेली! दुसऱ्या बाजूला एक सेंटीमीटरही जात नाही.

वल्कल

छान काम केलंत. झुकाव जुना, म्हणजे ती काळजी कमी. पण स्पोक हाताने एवढी आत जाते म्हणजे तिथे लाकूड उरलेलं नाही. वठलेली फांदीही त्याच बाजूला आहे, तेव्हा तिकडची मुळं मेल्यामुळे ती वठली असण्याची शक्यता मी धरेन. वाळकी फांदी वारा नसतानाही पडते, म्हणून ती उतरवाच. पण त्याने तळाचा प्रश्न सुटत नाही.

आज करायचं ते: गाडी शेडमधून हलवा, त्या बाजूला कुणाला थांबू देऊ नका. मग झाडं तपासणारा माणूस बोलवा. ध्वनिलहरींच्या यंत्राने तो खोडाचा छेद दाखवेल, पण मुळांबद्दल त्यातून फारसं कळत नाही. दोर लावून थोडं ओढायचं आणि बुंधा किती कलतो ते मोजायचं, अशीही चाचणी असते. तुमच्या झाडासाठी तीच विचारा. फोटोंवरून मी 'धोका दिसतोय' म्हणू शकतो. 'धोका नाही' असं फोटोंवरून कधीच म्हणणार नाही.

सुहास_मोजपट्टी

मग पूर्ण तोडण्याऐवजी उंची कमी केली तर? १२ वरून ८ मीटर केली की वाऱ्याचा जोर बराच घटेल.

वल्कल

घटेल, नक्की. वरच्या पालवीलाच जास्त वारा लागतो आणि तरफही तिथेच लांब असते. पण एवढी पालवी काढली की झाडाचं अन्न तुटतं आणि बुरशीला अडवायची ताकदही कमी होते. मुळाला गॅनोडर्मा असताना मी त्याला मुदत वाढवणं म्हणेन, आणि ती किती वाढेल ते सांगता येत नाही. शेड हलवता येत असेल तर कदाचित त्या मुदतीला अर्थ आहे.

पानगळ_५

मी तोडण्याच्याच बाजूने. स्पोक आत गेल्यावर चाचणीवर कशाला खर्च?

निरुपमा_ज

गाडी हलवली. शेड पत्र्याची आहे, नटबोल्ट काढून सरकवता येईल, पण घरच्यांमध्ये अजून एकमत नाही. तपासणारा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. त्याला ओढण्याची चाचणी करता येते का, हे फोनवर नीट कळलं नाही. वल्कलदादा, तो येण्याआधी पंख्यांच्या बाजूची माती थोडी उकरून मुळं बघू का, की हात लावू नको?

वल्कल

वरची बोटभर माती हाताने बाजूला करा, फोटो काढा, परत झाका. कुदळ नको, धरून असलेली मुळं तुटतील. वारा असेल त्या दिवशी तेवढंही नको.