मदत हवी आहे : मोठ्या मोटरसाठी फक्त अल्टरनेटर वाढवावा का?

४१५ व्होल्टच्या १३२ किलोवॅट इंडक्शन मोटरसाठी ५०० केव्हीए डिझेल जनरेटर सुचवला गेला आहे. मोटरचा पूर्णभार प्रवाह सुमारे २३० अँपिअर असून थेट सुरू करताना तो सहापट धरल्यास सुमारे ९९० केव्हीए लागतात. अल्टरनेटरची ट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्स २० टक्के धरली, तर माझ्या हिशेबाने व्होल्टेज साधारण २८ टक्क्यांनी घसरते. म्हणजे टॉर्क जवळपास निम्मा होतो आणि काँटॅक्टर सुटण्याची भीतीही राहते. घसरण २० टक्क्यांत ठेवायची तर त्याच रिअ‍ॅक्टन्सचा सुमारे ८०० केव्हीएचा अल्टरनेटर लागतो. मात्र सुरुवातीचा पॉवर फॅक्टर ०.२५ च्या आसपास असल्याने इंजिनावर किलोवॅटचा भार फारसा येत नाही. म्हणून इंजिन तेच ठेवून फक्त अल्टरनेटर मोठा घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. स्टार-डेल्टाने सुरुवातीचा प्रवाह एकतृतीयांश होईल, पण टॉर्कही तितकाच उरेल, आणि आमचा कॉम्प्रेसर भारासह सुरू होतो.

असे जोडसंच कोणी वापरले आहेत का? घसरणीसाठी ट्रान्झियंट रिअ‍ॅक्टन्सचा हिशेब पुरेसा आहे, की निर्मात्याचा मोटर-स्टार्टिंग आलेख मागवावाच लागतो? स्वतंत्र पर्मनंट मॅग्नेट एक्सायटेशनमुळे पहिली घसरण कमी होते, की केवळ व्होल्टेज लवकर सावरते?